दहा दिवसांचे घर



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दरवर्षी शहापुरात भरते, त्यांच्या घरातली माणसे समोर बसली आहेत आणि त्यांच्यामागे बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या घरचा दिवा गेल्या वर्षभरात केव्हा ना केव्हा दक्षिणेकडे तोंड करून जळलेला आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून मृत्यूनंतरच्या आचारांविषयी बोलताना मी पंडिताच्या आसनावरून बोलणार नाही. ज्या घरात मी स्वतः ते दहा दिवस काढले त्या घराच्या ओटीवर बसून बोलावे तसे बोलणार आहे, कारण या विषयातले जे काही मला कळले ते ग्रंथांत वाचून निम्मे आणि त्या ओटीवर निम्मे, असेच कळले.

मुरबाड तालुक्यात, काळू नदीच्या काठी आमचे गाव आहे. माझे चुलते, ज्यांना आम्ही सारे तात्या म्हणत असू, ते आषाढात, भाताची आवणी निम्मी झालेली आणि निम्मी राहिलेली असताना, ७ आणि ८ जुलैच्या मधल्या रात्री दीडच्या सुमारास राहत्या घरी गेले. धाकटा मुलगा उशाशी होता, थोरला आखाती देशात नोकरीला होता आणि चुलत भावांपैकी एक जहाजावर होता. पाऊस असा होता की पहाटे भावकी जमली ती घोंगडी आणि प्लास्टिकच्या खोळी डोक्यावर घेऊन, आणि सरण रचायचे तर लाकडे कोणाच्या पडवीतून कोरडी मिळतील याचाच विचार आधी करावा लागला.

दहनानंतर माणसे घरी परतली, दारात कडूनिंबाचा पाला चावून, हातपाय धुऊन बसली, आणि शेजारच्या घरातून पिठले व तांदळाच्या भाकऱ्यांची दुरडी आली. आपल्याकडे या जेवणाला 'कडू घास' म्हणतात. सुतकाच्या घरात चूल पेटवू नये हा नियम अनेकांना अशौचाचा, म्हणजे विटाळाचा नियम वाटतो. ग्रंथांची भाषाही तशीच आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु ज्याने तो दिवस पाहिला आहे त्याला त्याची दुसरी बाजू दिसल्यावाचून राहत नाही. ज्या बाईचा नवरा चार तासांपूर्वी गेला तिने पंधरा माणसांचा स्वयंपाक करू नये, ही व्यवस्था तिच्या इच्छेवर सोडली असती तर माझी काकू निश्चित उठून चुलीशी गेली असती, कारण चाळीस वर्षे ती तेच करीत आली होती. नियमाने तिला बसवले आणि भावकीला उठवले. पाचव्या दिवशी, पावसाने जराशी उघडीप देताच, राहिलेल्या खाचरांतली आवणी भावकीतल्या आणि ठाकूरवाडीतल्या बायामाणसांनी मिळून एका दिवसात उरकली. त्या दिवशी सुतकाच्या घरातले कोणी शेतात गेले नाही, आणि तरीही भात वेळेवर लागले.

आता दिवसांच्या गणतीकडे येतो, कारण शोकाकुल घरात पहिला वाद बहुधा यावरूनच निर्माण होतो आणि तो निष्कारण असतो. मृत्यूचा दिवस हा पहिला दिवस. म्हणजे एखादा मनुष्य महिन्याच्या ३ तारखेला गेला तर दहावा दिवस १२ तारखेला, बारावा १४ला आणि तेरावा १५ला येतो. घाईत माणसे तारखेत दहा मिळवतात, १३ तारीख धरतात, पत्रिका छापून घेतात, आणि मग कोणी जाणता मनुष्य चूक दाखवतो तेव्हा आपल्या हातून मृताचा काही अपराध घडला या भावनेने घर पुन्हा एकदा रडते. तात्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. घड्याळाप्रमाणे ते ८ तारखेला गेले, परंतु पंचांगाचा वार सूर्योदयापासून बदलतो. गुरुजींनी फार शांतपणे उलगडा केला. रात्रीचे तीन समान भाग करावेत आणि पहिल्या दोन भागांतला मृत्यू आदल्या दिवसात, तिसऱ्या भागातला दुसऱ्या दिवसात धरावा, असे एक प्रसिद्ध मत आहे. जुलैत आपल्याकडे सूर्य साडेसातच्या आत मावळतो आणि सहानंतर उगवतो, म्हणजे पहिले दोन भाग अडीचच्या आसपास संपतात. दीड वाजताचा मृत्यू म्हणून ७ तारखेचा, आणि दशक्रिया १६ तारखेला. सरकारी नोंदीत मात्र मृत्यूचा दिनांक ८ जुलैच लिहावयाचा. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे धाकट्याला पटवून द्यायला मला बराच वेळ लागला, कारण वडिलांच्या मरणाच्या दोन तारखा असाव्यात हेच त्याला सहन होत नव्हते.

मध्यरात्रीपर्यंतच आदला दिवस धरावा, किंवा सूर्योदयापर्यंतची सारी रात्र आदल्या दिवसाचीच मानावी, अशी मतेही आहेत. ज्या घरात जी रीत चालत आली असेल ती पाळावी, आणि दुसऱ्या मताचा कोणी पाहुणा आला तर त्याला वाद न घालता चहा द्यावा.

दूर असलेल्यांचे काय, हा प्रश्न आजकाल प्रत्येक घराला पडतो. पूर्वी मुंबईस गेलेला गिरणीकामगार पत्र पोहोचेतो अनभिज्ञ असे. आज बातमी क्षणात पोहोचते, परंतु मनुष्य पोहोचत नाही. आमचा थोरला चौथ्या दिवशी आला. अग्नी धाकट्याने दिला होता, आणि आपण वडिलांना खांदासुद्धा देऊ शकलो नाही हे शल्य त्याच्या चेहऱ्यावर असे होते की त्याच्याशी कोणी बोलू धजेना. शास्त्र या बाबतीत माणसांपेक्षा मवाळ आहे. दहा दिवसांच्या आत वार्ता कळली तर उरलेले दिवसच पाळावेत, दहा दिवस उलटून गेल्यावर कळली तर तीन रात्री, आणि वर्ष लोटल्यावर कळली तर स्नानाने शुद्धी, हे मनुस्मृतीतच सांगितलेले आहे. जहाजावरच्या भावाला नवव्या दिवशी कळले, त्याने दोन दिवस पाळले, तेवढे पुरेसे होते. एक अशौच चालू असताना त्याच घरात दुसरा मृत्यू घडला तर पहिल्याबरोबरच दुसरेही बहुधा संपते. घराने किती काळ खाली बसावे याला मर्यादा आहे, ही गोष्ट त्या ग्रंथकारांनाही जाणवलेली होती. राजसेवक, वैद्य, कारागीर यांना त्यांच्या कामापुरती तत्काळ शुद्धी सांगितली आहे, तेव्हा आरोग्यकेंद्रातल्या परिचारिकेने किंवा कसाऱ्याच्या गाडीवरच्या मोटरमनने पाचव्या दिवशी कामावर रुजू होणे यात अधर्म शोधण्याचे काही कारण नाही. ज्यांना हे सारे मुळातून पाहावयाचे असेल त्यांनी महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा १९५३ साली प्रसिद्ध झालेला चौथा खंड पाहावा. अंत्येष्टी, अशौच आणि श्राद्ध यांच्यासंबंधी परस्परविरोधी मतांचा जो पसारा तेथे मांडला आहे तो पाहून, एकच एक रीत खरी आणि बाकीच्या खोट्या असे म्हणण्याचे धैर्य कोणाला होऊ नये.

मी जे सांगत आहे ते कुणबी घराविषयी आहे हे ध्यानात असू द्या. याच तालुक्यांत बौद्ध घरांत जलदान विधी आणि पुण्यानुमोदन होते, मुसलमान घरांत विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची असते, आणि वारली पाड्यांवर घांगळीच्या साथीने 'दिस' घातला जातो. त्या प्रत्येकाविषयी बोलायला त्या त्या घरातला मनुष्य हवा.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. अस्थी मडक्यात घालून, पुढे नाशिकला रामकुंडावर नेण्यासाठी, घराबाहेर उंच जागी बांधून ठेवल्या. चितेजवळचा एक खडा मात्र दहनाच्या दिवशीच वेगळा काढलेला असतो. त्याला अश्मा किंवा जीवखडा म्हणतात. मडके खांद्यावर घेऊन चितेभोवती फेऱ्या घालताना ज्याने त्याला भोक पाडले जाते, तोच हा खडा, आणि दहा दिवस तिलांजली त्याच्यावरच सोडायची. इतका क्षुद्र, हाताच्या मुठीत मावणारा दगड, पण धाकट्याने तो फडक्यात गुंडाळून असा जपला की रात्री उठून तो जागेवर आहे ना हे चाचपून पाहत असे. तात्या ज्या जागी गेले त्या जागी घरात पीठ पसरून त्यावर दिवा ठेवला होता आणि वर दुरडी झाकली होती. सकाळी दुरडी उचलून पिठात कोणाचे पाऊल उमटले हे पाहायची आमच्याकडे रीत आहे. तिसऱ्या रात्री वाऱ्याने दिवा विझला. काकू दचकून उठली, आणि तिच्यापेक्षा वयाने मोठी असलेली माझी आत्या अंधारात काडी ओढीत म्हणाली, "वारा हाय गं बाय, दुसरं काय नाय." दिवा लागला. यापेक्षा अधिक काही करावे लागत नाही. विझलेला दिवा पुन्हा लावावा, एवढेच विधान आहे. त्यात शकुन-अपशकुन पाहण्याचे कारण नाही.

रात्री गावचे भजनी मंडळ येई, हरिपाठ होई, आणि ज्या वेळी घर सर्वांत भयाण वाटले असते त्याच वेळी ते टाळांनी भरून जाई. सांत्वनाचे शब्द कोणाला सुचत नाहीत. टाळ धरून दीड तास बसता मात्र प्रत्येकाला येते.

आता दहाव्या दिवसाविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण त्याचीच धास्ती लोकांच्या मनात सर्वांत मोठी असते. काळू दुथडी भरून वाहत होती, घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली होत्या, म्हणून वरच्या कातळावर जागा धरली. मुलांची क्षौरे झाली, भाताचे पिंड झाले, अश्म्यावर शेवटची तिलांजली झाली, आणि पिंड दर्भावर मांडून सारे कावळ्याची वाट पाहू लागले. शंभर-सव्वाशे माणसे छत्र्या उघडून कातळाभोवती उभी, समोर पुराचा घोष, वर धो धो पाऊस. कावळा येईना. पंधरा मिनिटे गेली, अर्धा तास गेला. मग कुजबूज सुरू झाली, इच्छा राहिली असेल, कोणीतरी शब्द द्या. थोरला पुढे झाला आणि "आवणी पुरी झाली, तात्या" म्हणाला. धाकट्याने आईला अंतर देणार नाही म्हणून सांगितले. नंतर प्रत्येक जण काही ना काही कबूल करू लागला, आणि त्या कबुलीजबाबांच्या वर्षावात काकू मात्र खाली बसून पुन्हा पुन्हा विचारीत होती की माझ्याच हातून काय राहिले.

गावातला एक वृद्ध शेवटी ओरडला, "मागं सरा रं सगळी!" आणि त्याने माणसांना पन्नासेक पावले मागे, करंजाच्या झाडांपलीकडे रेटले. त्याचे म्हणणे साधे होते. कावळा हा अतिशय सावध पक्षी आहे, अनोळखी कातळावर, उघडलेल्या काळ्या छत्र्यांच्या गराड्यात तो उतरणार नाही. मोठ्या घाटांवर जेथे रोज पिंड पडतात तेथले कावळे माणसाला सरावलेले असतात, आणि तेथे उलट पोट भरलेले असल्यामुळे ते पिंडाकडे पाहत नाहीत. भर पावसात तर पक्षी झाडातच दडून बसतो. मृताच्या इच्छेचा निवाडा त्याच्या भुकेवर आणि भीतीवर सोपवून एका विधवेला तासभर आरोपीसारखे बसवणे, हे मला त्या दिवशी असह्य झाले आणि आजही होते.

माणसे मागे सरल्यावरही कावळा आला नाही. तेव्हा गुरुजींनी काही न बोलता दर्भाच्या चार काड्या घेतल्या, त्यांना पीळ देऊन, गाठ मारून, चोच आणि शेपटी दिसेल असा कावळा केला, आणि त्याचा स्पर्श पिंडाला केला. विधी पूर्ण झाला. हा दर्भाचा कावळा आडवाट नव्हे, नाइलाजाची तडजोडही नव्हे. कावळा येणार नाही असे प्रसंग येणारच, हे ज्यांनी विधी घडवला त्यांना माहीत होते म्हणूनच त्याची सोय परंपरेने चालत आली आहे. गुरुजी काकूजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "बाई, पाऊस होता म्हणून तो आला नाही. तुमचं काही राहिलं नाही." माझी सर्व पुरोहितांना विनंती आहे की हे वाक्य आधी म्हणावे, अर्ध्या तासाच्या मौनानंतर नव्हे. आणि नातलगांना विनंती आहे की आरंभीच मागे सरावे, वीस-पंचवीस मिनिटे वाट पाहावी, आणि मग दर्भ हाती घ्यावा.

पत्रिकेवर आम्ही 'दुखवटे आणू नयेत' असे छापले होते. ठाणे जिल्ह्याबाहेरच्या श्रोत्यांना हे वाक्य विचित्र वाटेल, कारण त्यांच्याकडे दुखवटा म्हणजे केवळ शोक. आपल्याकडे तो लुगडी, टॉवेल, टोपी यांच्या रूपाने प्रत्यक्ष घरात येतो, आणि जो आणतो त्याच्या घरी उद्या तसाच परत न्यावा लागतो. मूळ हेतू चांगला असणार, शोकात बसलेल्या घराला अंगावर घालायला नवे वस्त्र मिळावे. परंतु व्याही, मामा, सासुरवाडी अशी मानाची चढाओढ सुरू झाली की कापड कोणी नेसत नाही, ते एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहते, आणि तेराव्याच्या जेवणावळीचे कर्ज मात्र एकाच घरात राहते. आमच्याकडे भावकीने घरटी तांदूळ गोळा केले, आणि बाराव्याला प्रवचन व साधे जेवण झाले. दोनचार व्याही रुसले, पण पुढच्या आवणीला तेच रोपांच्या मुठी घेऊन आमच्या खाचरात उभे होते.

काकूच्या बांगड्यांचा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहिला होता. काही बाया पुढे झाल्या, तेव्हा आत्याने तिचे दोन्ही हात आपल्या पदराखाली घेतले आणि ते सोडले नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेला राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही त्याचा कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढले. परिपत्रक निघाले म्हणून त्या क्षणी हात थांबत नाहीत. जवळ बसलेल्या एका बाईने हात धरावे लागतात.

आता दप्तराचा भाग, थोडक्यात. मृत्यूची वर्दी ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत द्यावी. ८ जुलैचा मृत्यू म्हणजे २९ जुलैपर्यंत. या मुदतीत शुल्क पडत नाही, ३० दिवसांनंतर परवानगीचे सोपस्कार लागतात आणि वर्षानंतर दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून नोंद होत नाही. हे काम घरच्यांनीच करावे असे नाही, भावकीतल्या कोणी जाणत्याने सुतकातच करून टाकावे. मात्र मयताचे नाव आधारपत्रावर आणि सातबारावर जसे आहे तसेच लिहिले गेले की नाही हे अक्षर अक्षर पाहावे. तात्यांना सारा गाव ज्या नावाने हाक मारी ते सातबारावर नव्हतेच, आणि हे लक्षात आले नसते तर पुढे प्रत्येक कागदावर दोन नावांची व्यक्ती एकच असल्याचे सिद्ध करीत बसावे लागले असते.

वारसनोंदीची वर्दी तलाठ्याकडे द्यायला तीन महिन्यांची मुदत आहे. म्हणजे दहा दिवसांत तिची घाई करण्याचे काहीही कारण नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण तेराव्याच्या जेवणानंतर, लेकी सासरी परतायच्या आत, त्यांच्यापुढे हक्कसोडीचा कागद ठेवण्याची एक रीत आपल्याकडे हळूहळू रूढ होत आहे. मुलगी त्या दिवशी बापासाठी रडत असते, जमिनीसाठी नव्हे, आणि भावाने पुढे केलेल्या कागदावर ती न वाचता सही करते. स्थावरातला हक्क सोडण्याचा दस्त नोंदणी कार्यालयात नोंदवल्याशिवाय पुरा होत नाही, हे तिला कोणी सांगत नाही. ज्या लेकींना हक्क सोडायचाच असेल त्यांनी तो सोडावा, पण वर्षश्राद्ध झाल्यावर, शांत चित्ताने.

आमच्याकडे भाद्रपदात अर्ज गेला. वारस म्हणून काकू, दोन मुलगे आणि दोन मुली अशी पाच नावे दिली, नोटीस लागली, हरकतीचे पंधरा दिवस गेले, मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित केला. नवा सातबारा धाकट्याने घरी आणला तेव्हा भात पोटरीला आले होते. काकूला वाचता येत नाही. तिने तो कागद ओटीवर मांडला आणि तात्यांचे नाव कुठे आहे ते दाखवायला मला सांगितले. ते होते, पण आता त्याच्याभोवती कंस पडला होता, आणि खाली पाच नावे एकाखाली एक लिहिलेली होती. तिने कंसावरून बोट फिरवले, पुसले नाही ना, एवढेच विचारले, आणि मी नाही म्हटल्यावर कागदाची घडी घालून तो तात्यांच्या पेटीत, त्यांच्या टोपीखाली ठेवून दिला.